एकाच रिपोर्टिंगमधल्या सहकाऱ्यांचं जवळचं नातं कंपनीला कळवणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चाकणचा कारखाना, पुण्याचं ऑफिस आणि बाहेरगावचे डेपो इथून एचआरकडे या विषयावर सतत विचारणा होत असते. कुणी फोन करतं, कुणी कँटीनमधून परतताना हळूच थांबवतं, तर कुणी बिननावाची चिठ्ठी पेटीत टाकतं. त्यातले पुन्हापुन्हा येणारे प्रश्न मी इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर एकटं वाचलं तरी समजेल. जिथे दुसऱ्या उत्तराशी संबंध येतो तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. हे धोरण म्हणजे ऑफिसात प्रेम करायला किंवा लग्न करायला बंदी आहे का?

नाही. दोन सज्ञान माणसांनी कुणावर प्रेम करावं, कुणाशी लग्न करावं हे ठरवण्याचा कंपनीला अधिकार नाही आणि या धोरणात तसं एकही वाक्य नाही. धोरणाचा विषय एवढाच की ज्याच्याशी तुमचं जवळचं नातं आहे त्याचं अप्रेझल, इन्क्रिमेंट, रजा, शिफ्ट किंवा बिलं तुमच्या सहीने ठरू नयेत.

धोरणाच्या पहिल्या मसुद्यात "नातं जाहीर करणे" असे शब्द होते. ते वाचून लोक घाबरले, कारण आपल्याकडे जाहीर करणं म्हणजे चारचौघांत सांगणं. ते शब्द आता काढून टाकले आहेत. तुम्हाला नातं जाहीर करायचं नाही, एका माणसाला कळवायचं आहे. ते पुढे कुणाकुणापर्यंत जातं हे प्रश्न ८ मध्ये आहे.

२. 'एकच रिपोर्टिंग' म्हणजे फक्त मी आणि माझा थेट साहेब का?

तेवढंच नाही. वर-खाली कितीही पायऱ्या असल्या तरी एकाच्या सहीने दुसऱ्याचं काही ठरत असेल तर ते रिपोर्टिंग एकच धरलं जातं. प्लांट हेड आणि लाइनवरचा ऑपरेटर यांच्यात तीन पायऱ्या असतील, पण अप्रेझलवर शेवटची सही प्लांट हेडचीच असते.

दोन गोष्टी हमखास सुटतात. एक म्हणजे प्रोजेक्टपुरतं रिपोर्टिंग: कागदावर विभाग वेगळे असतात, पण सहा महिन्यांच्या प्रोजेक्टमध्ये एक टीम लीड असतो आणि दुसरी त्याच टीममध्ये. दुसरी म्हणजे तपासणीचं नातं. पगारपत्रक तयार करणारी आणि ते तपासणारा, स्टोअरमधला साठा लिहिणारा आणि तो मोजणारी ऑडिटर, यांच्यात साहेब कुणीच नसतो, पण एकाने दुसऱ्याचं काम तपासायचं असतं. या दोन्ही ठिकाणी कळवावं लागतं.

एक जण पेंट शॉपमध्ये, दुसरी अकाउंट्समध्ये आणि कामाचा एकमेकांशी संबंध नाही, अशा वेळी कळवायची काहीच गरज नाही. पुढे बदली किंवा बढतीमुळे संबंध आला तर त्या वेळी कळवा.

३. 'जवळचं नातं' कशाला म्हणायचं? आमच्या खात्यात अर्धे लोक एकाच गावचे आहेत.

एका गावचं, एका भावकीचं किंवा एका कॉलेजचं असणं या धोरणात येत नाही. नवरा-बायको, साखरपुडा झालेले, प्रेमसंबंधात असलेले किंवा एकत्र राहणारे येतात. आई-वडील, मुलं, सख्खी आणि सावत्र भावंडं, सासू-सासरे, सून, जावई, दीर, नणंद, मेहुणा आणि मेहुणीही येतात. चुलत, मामे, मावस आणि आते भावंडं एका घरात राहत असतील किंवा एकमेकांचा खर्च उचलत असतील तरच मोजली जातात.

रक्ताचं किंवा मनाचं नसलं तरी पैशाचं नातंही कळवावं लागतं. एकत्र फ्लॅट घेतला आहे, एकाच्या कर्जाला दुसरा जामीन आहे किंवा दोघांचा बाहेर भागीदारीत धंदा आहे, तर ते कळवा. पाच जणांची महिन्याची भिशी त्यात धरत नाही. पण सुपरवायझर हाताखालच्या माणसाकडून उसने पैसे घेत असेल तर रक्कम लहान असली तरी कळवलंच पाहिजे, कारण शिफ्ट ज्याच्या हातात त्याला नाही म्हणणं अवघड जातं.

४. नेमकं कधी कळवायचं? आम्ही दोन-तीनदा फिरायला गेलो, तेवढ्याने सांगायचं का?

दोन-तीनदा भेटणं म्हणजे नातं नव्हे आणि तेवढ्यावरून फॉर्म भरावा अशी अपेक्षा नाही. स्वतःला एक प्रश्न विचारा: उद्या या व्यक्तीच्या इन्क्रिमेंटवर मला सही करायची असेल, तर ती दुसऱ्या कुणी केलेली बरी असं वाटतं का? वाटत असेल तर कळवायची वेळ झाली आहे. त्या दिवसापासून ३० दिवसांत कळवावं.

याला एक अपवाद आहे. अप्रेझल, बढती, शिस्तभंगाची चौकशी किंवा नोकरकपातीची यादी यांपैकी काही समोर असेल, तर ३० दिवस न थांबता तो निर्णय होण्याआधी कळवा. कारण सांगायची तयारी नसेल तर निदान "या व्यक्तीबाबतचा निर्णय माझ्याकडे नको" एवढं एचआरला लिहा. त्या वेळी तेवढं पुरतं. बाकीचं ३० दिवसांत सांगता येतं.

५. कळवायची जबाबदारी कुणाची, साहेबाची की हाताखालच्याची?

वरच्या पदावरच्या व्यक्तीची. हाताखालची व्यक्ती स्वतःहून कळवू शकते, पण तिने कळवलं नाही म्हणून तिच्यावर कारवाई होत नाही. हा फरक मुद्दाम ठेवला आहे. ज्याच्या हातात सही आहे त्यानेच ती बाजूला ठेवायची असते, आणि हाताखालच्या माणसाला "साहेबांचं नाव मी कसं सांगू" या पेचात टाकणं बरोबर नाही.

दोघांची पदं सारखी असतील आणि संबंध तपासणीचा असेल (प्रश्न २), तर दोघांवर सारखी जबाबदारी आहे.

६. कळवायची पद्धत काय आहे?

आपल्या लोकेशनच्या एचआर प्रमुखांना फोन करा किंवा दोन ओळींचा मेल पाठवा. मेलच्या विषयात "कामाच्या रचनेबाबत" एवढंच लिहा आणि आत "भेटायचं आहे" एवढंच. नावं किंवा नात्याचा उल्लेख मेलमध्ये नको, कारण शॉप फ्लोअरवरचा कॉम्प्युटर चार जण वापरतात आणि उघडा राहिलेला मेल कुणीही वाचतं.

भेट तीन कामकाजी दिवसांत होते. ती एचआरच्या काचेच्या केबिनमध्ये होत नाही, पहिल्या मजल्यावरच्या ट्रेनिंग रूममध्ये किंवा तुम्ही म्हणाल तिथे होते. फॉर्म तिथेच हाताने भरायचा असतो. दुसऱ्या व्यक्तीला आम्ही वेगळं भेटतो, दोघांना एकत्र बसवत नाही. याचं कारण प्रश्न १२ मध्ये आहे.

तुमचं नातं एचआर प्रमुखांशीच किंवा त्यांच्या नातलगाशी असेल तर कंपनी सेक्रेटरींकडे जा. पद्धत तीच.

७. फॉर्ममध्ये काय काय लिहावं लागतं?

फॉर्म एका पानाचा आहे. दोघांची नावं, पदं, एकाच्या कोणकोणत्या सह्या दुसऱ्यावर लागतात आणि मागच्या बारा महिन्यांत अशा कोणत्या सह्या झाल्या, एवढंच त्यात आहे. नात्याच्या रकान्यात तीनच पर्याय आहेत: कौटुंबिक, व्यक्तिगत, आर्थिक. कसं जुळलं, किती दिवस झाले, लग्न करणार का, घरी माहीत आहे का, यातलं काहीही विचारलं जात नाही. कुणी विचारलं तर उत्तर देऊ नका आणि मला कळवा.

८. हे किती जणांना कळणार? आमचं लग्न आंतरजातीय आहे आणि घरी अजून सांगितलेलं नाही.

या विषयावर सर्वांत जास्त विचारणा याच प्रश्नाची होते आणि त्यामागची भीती खरी आहे. विशेष विवाह कायदा, १९५४ प्रमाणे लग्न करायचं तर आधी ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि ती विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात सर्वांना दिसेल अशी लावली जाते. त्या कागदामुळे अनेकांच्या घरी बातमी आधीच पोचलेली आहे. आमचा फॉर्मही तसाच कुठेतरी लागेल, असं लोकांना वाटतं.

तो कुठेही लागत नाही. नाव आणि नातं फक्त तिघांना कळतं: ज्याने फॉर्म घेतला तो एचआर प्रमुख, सह्या ज्याच्याकडे जाणार तो वरचा अधिकारी आणि फाइल सांभाळणारे कंपनी सेक्रेटरी. फॉर्म कागदावरच राहतो, स्कॅन होत नाही, आणि बंद पाकिटात कुलपाच्या कपाटात जातो. तो वैयक्तिक फाइलला लावला जात नाही, कारण ती फाइल बऱ्याच हातांतून फिरते. घरी फोन किंवा पत्र जात नाही. घरच्या कुणी कंपनीत येऊन विचारलं तर "कर्मचाऱ्यांची माहिती आम्ही देत नाही" एवढंच उत्तर गेटपासून एचआरपर्यंत सगळीकडे दिलं जातं.

तरी बातमी फुटते ती बहुतेक वेळा कॉम्प्युटरमुळे. रजेच्या सॉफ्टवेअरमध्ये एकाच माणसाचा रिपोर्टिंग मॅनेजर बदलला की सगळ्या टीमला आपोआप मेल जातो, आणि टीमला अंदाज बांधायला तेवढं पुरतं. आता असा बदल करण्याआधी तो मेल बंद केला जातो आणि शक्य असेल तिथे पूर्ण गटाच्या मंजुऱ्या एकदम हलवल्या जातात, म्हणजे एकच नाव वेगळं पडत नाही. त्यासाठी खोटं कारण सांगितलं जात नाही, कारणच सांगितलं जात नाही.

घरून धोका आहे असं वाटत असेल तर पहिल्याच भेटीत सांगा. तुमचा पत्ता, फोन नंबर आणि शिफ्टची वेळ कर्मचारी यादीतून झाकता येते आणि ते काम त्याच दिवशी होतं.

९. कळवल्यानंतर प्रत्यक्षात काय होतं?

तीन कामकाजी दिवसांत तात्पुरती व्यवस्था होते, म्हणजे सह्या वरच्या अधिकाऱ्याकडे जातात. पंधरा कामकाजी दिवसांत दोघांशी बोलून कायमची व्यवस्था ठरते. हे कसं चालतं ते एका प्रकरणावरून सांगते. दोघांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्या खरेदी विभागात उपव्यवस्थापक होत्या आणि त्यांच्या हाताखाली चार जण. त्यांतल्या एकाशी जानेवारीपासून त्यांचं जुळलं. एप्रिलमध्ये त्यांनी त्याला अप्रेझलमध्ये पाचपैकी चार गुण दिले आणि जूनमध्ये त्या मला भेटायला आल्या. उशीर झाला होता, आणि तसं त्यांनी स्वतःच सांगितलं.

तिसऱ्या दिवशी त्याची रजा, प्रवासाची बिलं आणि पन्नास हजारांवरच्या खरेदीची मंजुरी खरेदी व्यवस्थापकांकडे गेली. चौघांच्याही मंजुऱ्या एकदम हलवल्या, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. मग एप्रिलचं अप्रेझल उघडलं. व्यवस्थापक आणि मी असे दोघांनी चौघांचे आकडे शेजारीशेजारी ठेवले: किती बचत केली, माल किती वेळा उशिरा आला, किती तक्रारी आल्या. त्याचे चार गुण आकड्यांना धरून होते, म्हणून ते तसेच राहिले. त्यांनी मंजूर केलेली दोन प्रवासबिलं व्यवस्थापकांनी पुन्हा पाहून सही केली आणि तशी नोंद ठेवली. त्यामुळे पुढे कुणी शंका काढली तरी त्याला दाखवायला कागद आहे.

बाराव्या दिवशी दोघांना वेगवेगळं भेटून पर्याय विचारले. तो पुरवठादार गुणवत्ता विभागात जाऊ शकत होता, पण त्याला खरेदीतच राहायचं होतं. म्हणून त्याच्याकडचं पॅकेजिंगचं काम दुसऱ्या उपव्यवस्थापकांकडे जोडलं आणि तोही त्यांच्याकडे गेला. पगार, पद आणि बसायची जागा यांतलं काहीच बदललं नाही.

चूक आमच्याकडून झाली ती ऑक्टोबरमध्ये. सहामाही अप्रेझलचा फॉर्म सॉफ्टवेअरने जुन्या रचनेवरून काढला आणि त्याच्या फॉर्मवर पुन्हा बाईंचंच नाव आलं. ते त्यानेच येऊन दाखवलं. तेव्हापासून असा बदल झाला की रजा, हजेरीतली दुरुस्ती, प्रवासबिलं, खर्चाची मंजुरी, अप्रेझल आणि ट्रेनिंगसाठी नाव सुचवणं या सहाही ठिकाणी मंजुरी कुणाची आहे ते छापून तपासलं जातं. तुमच्या बाबतीत तो कागद बघायला मागा.

१०. बदली शेवटी हाताखालच्याची, त्यातही बाईचीच होणार ना?

बऱ्याच ठिकाणी असं होत आलं आहे, त्यामुळे शंका रास्त आहे. म्हणूनच धोरणात क्रम लिहून ठेवला आहे. आधी फक्त सह्या हलवायच्या. तेवढ्याने भागत नसेल तर रिपोर्टिंग बदलायचं, माणूस तिथेच राहतो. त्यानेही भागत नसेल तरच बदलीचा विचार करायचा, आणि दोघांपैकी कुणीच तयार नसेल तर वरच्या पदावरच्या व्यक्तीने हलायचं.

बदली झाली तर पगार, पद, ग्रेड आणि नोकरीची सलगता तशीच राहते. कुणालाही राजीनामा मागितला जात नाही. कुणी तोंडी सुचवला तर ते या धोरणाचं उल्लंघन आहे. कोणी आणि केव्हा म्हटलं ते लिहून ठेवा आणि कळवा.

११. सरकारी नोकरीत नवरा-बायकोला एका गावी आणतात. इथे मात्र वेगळं करतात, असं का?

दोन्ही गोष्टी एकमेकांच्या विरुद्ध नाहीत. केंद्र सरकारच्या ३० सप्टेंबर २००९ च्या सूचना पती-पत्नीची नेमणूक शक्यतो एकाच ठिकाणी करण्याबद्दल आहेत. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांत पती-पत्नी एकत्रीकरण आहे, त्यात दोघांच्या शाळांत ३० किलोमीटरपेक्षा जास्त अंतर असेल तर बदलीत प्राधान्य मिळतं. यातून गाव एक होतं, पण एकाचा गोपनीय अहवाल दुसऱ्याने लिहावा असं कुठेच म्हटलेलं नाही.

आमचंही तेच आहे. एकाच कारखान्यात राहा, एकाच बसने या, डबा एकत्र खा. शिफ्टही एकच मागता येते, फक्त ती लावणारा तिसरा असेल.

१२. साहेबांनी "आपलं नातं आहे" म्हणून फॉर्म भरला, पण मी मनापासून हो म्हटलेलं नाही. आता काय?

आधी हे लक्षात ठेवा की तो फॉर्म तुमच्या होकाराचा पुरावा नाही. फॉर्मवर छापलेलंच आहे की तो फक्त सह्या हलवण्यासाठी आहे आणि कोणत्याही चौकशीत संमती म्हणून वापरला जाणार नाही. दोघांना वेगळं भेटतो ते यासाठीच. त्या भेटीत तुम्ही "हे खरं नाही" किंवा "मला नाही म्हणता आलं नाही" एवढं म्हणालात की कळवण्याची प्रक्रिया तिथेच थांबते आणि साहेबांच्या सह्या त्याच दिवशी काढल्या जातात.

पुढचा मार्ग अंतर्गत समितीचा आहे. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अशी समिती बंधनकारक करतो. तिच्या अध्यक्ष वरिष्ठ महिला असतात आणि एक सदस्य बाहेरचा असतो. तक्रार लेखी, घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते. घटना पुन्हापुन्हा घडल्या असतील तर शेवटच्या घटनेपासून तीन महिने मोजतात. परिस्थितीमुळे जमलं नसेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. चौकशी ९० दिवसांत पूर्ण करायची असते आणि ती चालू असताना बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा मागता येते.

कायदा महिला तक्रारदारांसाठी आहे. पुरुष आणि इतर कर्मचाऱ्यांची तक्रार कंपनीच्या वर्तन नियमाखाली घेतली जाते, तीही तितक्याच गांभीर्याने.

आधी नातं खरं होतं आणि नंतर तुम्ही नाही म्हणालात, तरी हेच लागू आहे. कालचा होकार आजचा होकार धरला जात नाही.

१३. आम्ही दोघं पुरुष आहोत. कळवलं तर कुणाच्या नोंदीत आमची ओळख कायमची राहील का?

६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर सज्ञान व्यक्तींमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत. लग्नाचा हक्क २०२३ च्या निकालात मिळाला नाही, पण या धोरणात लग्न झालं आहे की नाही याला काहीच महत्त्व नाही. फॉर्मवर स्त्री-पुरुष असा रकाना नाही. "व्यक्तिगत" वर खूण केली की झालं. रिपोर्टिंगचा संबंध संपल्यावर बारा महिन्यांनी फॉर्म तुमच्यासमोर फाडला जातो. हा नियम सगळ्यांसाठी आहे.

१४. नातं संपलं. आता कळवून काय उपयोग?

उपयोग आहे, कारण राग किंवा अवघडलेपणही सहीत उतरू शकतं. नातं संपून बारा महिने झाले नसतील आणि रिपोर्टिंग एकच असेल तर कळवावं. आधीच कळवलेलं असेल तर "व्यवस्था अशीच ठेवा" एवढं सांगितलं तरी चालतं, पुन्हा फॉर्म नाही. संपल्याचं कारण कुणी विचारणार नाही. सह्या आपोआप परत येत नाहीत. बारा महिन्यांनी दोघांना वेगवेगळं विचारूनच ते ठरतं.

१५. माझ्या हाताखालच्या मुलाचं स्थळ माझ्या मुलीसाठी आलं आहे. आताच कळवू का?

पत्रिका आली, फोटो पाहिला, तेवढ्यावर कळवू नका. दहा स्थळं पाहिली जातात आणि नऊ पुढे जात नाहीत. पण पाहण्याचा कार्यक्रम ठरला की त्या मुलाबद्दलची कोणतीही सही थांबवा आणि प्रश्न ४ मधली ती एक ओळ एचआरला पाठवा. दोन्ही घरांचा होकार झाला की फॉर्म भरा, साखरपुड्याची वाट पाहू नका.

नकाराचा विचार इथे जास्त करावा लागतो. त्या मुलाने नाही म्हटलं तर त्याला पुढचं वर्षभर आपल्या साहेबांची धास्ती राहते. म्हणून बोलणी मोडली तरी त्या वर्षीचं त्याचं अप्रेझल दुसऱ्या कुणीतरी करतं.

१६. माझ्या मेहुण्याने आपल्याकडे अर्ज केला आहे. मला मुलाखतीला बसता येईल का?

नाही. नात्यातल्या व्यक्तीचा अर्ज आहे हे कळताच पॅनेलमधून बाजूला व्हा, आणि प्रश्नपत्रिका किंवा उमेदवारांची यादी तुमच्याकडे आली असेल तर तेही सांगा. तो निवडला गेला तर त्याला तुमच्या हाताखाली घेतलं जात नाही. तुम्ही शिफारस केली असेल तर रेफरल बोनस मिळतो, पण तो तुमच्या विभागात आला तर नाही.

संचालकांच्या नातलगांबाबत कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १८८ चे वेगळे नियम आहेत. ते कंपनी सेक्रेटरी पाहतात.

१७. कंत्राटी कामगार आणि अप्रेंटिस यांनाही हे लागू आहे का?

हो. कंत्राटी मुलीचा पगार कंत्राटदार देतो, पण उद्या तिला कामावर घ्यायचं की नाही हे बहुतेक वेळा आपला सुपरवायझर ठरवतो. अप्रेंटिसला तर शिकवणाऱ्याच्या शेऱ्याची गरज असते. या दोन्ही ठिकाणी कळवायचं ते आपल्या कर्मचाऱ्याने, आणि तात्पुरती व्यवस्था तीन दिवसांत नाही तर त्याच दिवशी होते. "त्या मुलीला उद्यापासून पाठवू नका" असा निरोप कंत्राटदाराला देणं हा गंभीर गैरवर्तनाचा प्रकार आहे.

१८. आमच्या डेपोत सातच माणसं आहेत. सह्या हलवणार कुठे?

छोट्या डेपोत रिपोर्टिंग बदलायला जागा नसते हे खरं आहे. अशा वेळी रजा, ओव्हरटाइम आणि बिलं विभागीय व्यवस्थापक फोनवरून मंजूर करतात, अप्रेझल ते तीन महिन्यांतून एकदा डेपोत येऊन करतात. रोजचं काम डेपो प्रमुखच वाटतात. ते टाळता येत नाही, म्हणून कुणाला कोणती फेरी आणि कोणती रात्रपाळी दिली त्याचा तक्ता महिन्याला पुण्याला जातो. नातं नसलेल्या पाच जणांच्या वाट्याला सगळ्या रविवारच्या पाळ्या येत असतील तर ते त्या तक्त्यात दिसतं.

रोकड दोघांच्याच हातात असेल, म्हणजे एक पैसे घेतो आणि दुसरी मोजते, तर मात्र तडजोड नाही. दोघांपैकी एकाचं ते काम काढून घेतलं जातं.

१९. कळवलं नाही आणि नंतर कळलं, तर नोकरी जाईल का?

नुसतं नातं होतं म्हणून नाही. वरच्या पदावरच्या व्यक्तीने न कळवता सह्या केल्या असतील तर त्या सह्या तपासल्या जातात आणि कारवाई त्यातून काय निघालं त्यावर ठरते: समज, इन्क्रिमेंट रोखणं, हाताखालची माणसं काढून घेणं. नोकरी जाण्याची वेळ येते ती थेट विचारल्यावर खोटं सांगितलं तर किंवा सहीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर.

मोठ्या पदांनाही हेच लागू पडलं आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये बीपी या तेल कंपनीचे प्रमुख बर्नार्ड लूनी यांनी पद सोडलं, कारण सहकाऱ्यांशी असलेल्या पूर्वीच्या नात्यांबद्दल त्यांनी संचालक मंडळाला पूर्ण माहिती दिली नव्हती. सप्टेंबर २०२५ मध्ये नेस्लेने आपले प्रमुख लॉरां फ्रेक्स यांना काढलं, तेही हाताखालच्या व्यक्तीशी असलेलं नातं न कळवल्यामुळे.

उशीर झाला असेल तरी स्वतःहून आलात तर त्याचा विचार होतो. प्रश्न ९ मधल्या बाई पाच महिने उशिरा आल्या होत्या. त्यांना एक लेखी समज दिली, तीही दोन वर्षांनी फाइलमधून निघते.

२०. मला दोघांबद्दल कळलं आहे. मी एचआरला सांगायला हवं का?

तुमच्यावर तशी जबाबदारी नाही. फोटो काढणं, मेसेज पुढे पाठवणं, कोण कुणाच्या गाडीतून उतरलं याची नोंद ठेवणं हे तर अजिबात करू नका. त्यावर तुमच्यावरच कारवाई होऊ शकते.

पण एखाद्या सहीमुळे तुमचं नुकसान झालं असेल तर ते मात्र जरूर सांगा, आणि नात्याबद्दल नाही, सहीबद्दल सांगा. "माझी रजा तीनदा नाकारली, त्याच आठवड्यात दुसऱ्याची मंजूर झाली" असं तारखांसह लिहिलंत तर तुम्हाला काहीच सिद्ध करावं लागत नाही. रजेची नोंद आमच्याकडे असते, ती काढून पाहणं आमचं काम आहे. सात कामकाजी दिवसांत उत्तर मिळेल. त्यात तुमच्या रजेचं काय झालं ते असेल. त्या दोघांबद्दल मात्र एक शब्दही नसेल.